पेल्यातले नऊ उडीद

"मॅडम, डबल मार्करमध्ये हाय रिस्क आलंय, १:१८०. टेस्ट ९० टक्के अचूक असते म्हणतात. म्हणजे माझ्या बाळाला ९० टक्के डाऊन सिंड्रोम आहे का?"

नाही. ९० टक्के हा आकडा खरा आहे, पण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

जळगावात गरोदर बायकांचं समुपदेशन करताना हा प्रश्न मी दर महिन्याला ऐकते. त्यातली एक भेट लक्षात राहिली. रावेरकडची २८ वर्षांची मुलगी, पहिलंच बाळंतपण. सोबत सासूबाई. रिपोर्टची घडी इतक्यांदा उघडली होती की कागद मधोमध फाटायला आला होता. सासूबाईंनी बसायच्या आधीच विचारलं, "ताई, पोर चांगलं शे ना?"

अशा वेळी "काळजी करू नका" म्हणायचं मी फार पूर्वी सोडलं. धीर शब्दांनी येत नाही, मोजून येतो, हे माझं ठाम मत आहे. गेर्ड गिगेरेंझर हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेच सांगत आले आहेत: टक्के बाजूला ठेवा, माणसं मोजा.

म्हणून मी म्हटलं, "तुमच्या वयाच्या १०,००० गरोदर बायका धरू. त्यांच्यात डाऊन सिंड्रोमची बाळं साधारण १०. सोनोग्राफी आणि डबल मार्करची रक्ततपासणी मिळून त्यातली ९ पकडतात. हे तुमचे ९० टक्के. आता उरलेल्या ९,९९० बायकांची बाळं ठीक आहेत. पण त्यांच्यातल्याही शंभरात पाचजणींना हाय रिस्क लागतं. किती झाल्या?"

"पाचशे," ती हळूच म्हणाली.

माझ्या खणात ज्वारीची पुडी असते. पेल्यात ज्वारीचे सुमारे ५०० दाणे ओतले आणि त्यात ९ काळे उडीद टाकले. "हाय रिस्क आलेल्या सगळ्या बाया या पेल्यात आहेत. न बघता एक दाणा काढा."

ज्वारी निघाली. पुन्हा ज्वारी. सातव्यांदाही ज्वारीच. सासूबाईंनी स्वतः हात घातला आणि तळहात उघडून म्हणाल्या, "हाई ते जवारीच शे!"

मुलगी बराच वेळ पेल्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे उडदांतले ९० टक्के पेल्यात आले. पेल्यातले ९० टक्के उडीद नाहीत."

अगदी हेच. एवढं एक वाक्य समोरच्याच्या तोंडून येण्यासाठी मी थांबते, आणि ते येतंच. बाळाला आजार असेल तर टेस्ट पॉझिटिव्ह येण्याची शक्यता एक, आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली असताना आजार असण्याची शक्यता दुसरी. पहिलीवरून दुसरीकडे जायचं तर आजार मुळात किती जणींत आहे हे मध्ये आणावंच लागतं. थॉमस बेझ यांचा याविषयीचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापला गेला. त्या नियमाचा गाभा या पेल्यात मावतो.

तिचा १:१८० हा आकडाही याच नियमाने काढलेला होता. वयामुळे तिची सुरुवात हजारात एकच्या आसपास. तिच्या रक्तातल्या मार्करची पातळी आणि बाळाच्या मानेमागचं माप आजार असलेल्या बाळांत साडेपाच पटींनी जास्त दिसणारं निघालं, म्हणून आकडा १८० वर आला. लॅबने २५० ची रेघ ओढलेली, म्हणून हाय रिस्क. तिच्यासारख्या १८० जणींपैकी १७९ जणींचं बाळ ठीक असतं.

मात्र आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी मी रिपोर्टचा वरचा भाग बघते. आईचं वजन किंवा गर्भाचे आठवडे चुकीचे भरले असतील तर पुढचं सगळं गणित चुकतं. तिचे बरोबर होते.

डॉक्टरांनी पुढे दोन वाटा सांगितल्या: आईच्याच रक्तावरची एनआयपीटी, किंवा गर्भजल काढून थेट गुणसूत्रं बघणं. गर्भजल काढण्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो, म्हणून तिला आधी एनआयपीटी हवी होती. ही फार चांगली चाळणी. शंभरातले ९९ पकडते आणि चुकीचं पॉझिटिव्ह हजारात एखादंच देते. दुसऱ्या भेटीत मी हे सांगू लागले तर तिने मध्येच थांबवलं.

"पण मॅडम, आपण सुरुवात कुठून करतोय? हजारातून, का १८० मधून?"

तेव्हा मी पेन तिच्याच हातात दिलं. १८० मध्ये एक म्हणजे १८,००० मध्ये १००. त्यातले ९९ पकडले जातील. उरलेल्या १७,९०० मधून चुकीचे सुमारे १८. पॉझिटिव्ह ११७, खरे ९९. शंभरात जवळपास ८५. हजारात एकपासून सुरुवात केली असती तर तेच मशीन, पण खरे १८ आणि चुकीचेही १८.

तिने फाईलच्या मागे ८५ लिहून त्याभोवती गोल केला आणि म्हणाली, "म्हणजे पॉझिटिव्ह आली तरी गर्भजल तपासल्याशिवाय मी काही ठरवायचं नाही. पंधरा उरतातच."