लेट फीची नोटीस धमकीसारखी न वाटता कशी लिहायची?

प्रश्न: क्लायंटला लेट फीची नोटीस पाठवायचीय, कलम आणि रक्कम दोन्ही टाकायचंय पण धमकी वाटायला नको, कसं लिहू?

उत्तर: वाक्याचा कर्ता ‘तुम्ही’ ठेवू नका, कलम आणि बिल ठेवा, आणि ‘दंड’, ‘अन्यथा’ हे शब्द काढून टाका. मी अकाउंट्समध्ये वसुलीची पत्रंच लिहिते, समोरच्याला आकडा तेवढा खुपत नाही, ‘तुम्ही मुदत पाळली नाही’ हे खुपतं आणि मग पैशाऐवजी वाद येतो. समजा बिल ४०,०००, उशीर २० दिवस, करारात ३० दिवसांना १.५% आणि दिवसांच्या हिशोबाने, तर असं लिहा:

“कराराच्या कलम ७.२ नुसार देय तारखेनंतर ३० दिवसांना १.५% विलंब शुल्क लागू होतं. ४०,००० च्या बिलावर २० दिवसांचे ४०० होतात, आजची एकूण बाकी ४०,४००. पेमेंट आधीच केलं असेल तर व्यवहार क्रमांक कळवा, नोंद दुरुस्त करतो.”

शेवटची ओळ खरंच ठेवा, कधीकधी पैसे आलेले असतात, आपल्याकडेच नोंद राहिलेली असते. फक्त मऊ करायच्या नादात ‘शक्य झाल्यास शुल्क द्यावं’ असं लिहू नका, ते ऐच्छिक वाटतं, आणि करारात दिवसांचा हिशोब नसेल तर कलमात जसं आहे तसंच मोजा.