लव्हर्सच्या शेजारी एट ऑफ स्वोर्ड्स आलं, तर वाक्य कसं बांधायचं?

प्रश्न: ताई, टॅरोच्या तीन कार्डांची सरळ ओळ मांडते तेव्हा एकेका कार्डाचा अर्थ सांगता येतो, पण सगळं मिळून काय, ते जमत नाही. परवा मैत्रिणीसाठी लव्हर्सच्या शेजारी एट ऑफ स्वोर्ड्स आलं. "प्रेम आहे आणि तू अडकली आहेस" एवढंच बोलले. पुढे काय बोलायचं?

उत्तर:

तुझ्या वाक्यातला 'आणि' काढून टाक आणि त्या जागी दुसरं काही बसतंय का बघ. 'पण', 'म्हणून', 'तरीसुद्धा', 'जोवर तोवर'. 'आणि'ने दोन कार्डं शेजारी उभी राहतात, एकमेकांशी बोलत नाहीत. कुठला शब्द बसवायचा हे मात्र मनाने ठरवायचं नाही, चित्रातून काढायचं.

तुझा डेक रायडर-वेट आहे असं धरते. १९०९ साली पामेला कोलमन स्मिथ यांनी छोट्या कार्डांवरही माणसं नि प्रसंग काढले, त्यामुळे ही जोडणी सोपी झाली. मार्सेल डेक असेल तर माझं पुढचं बरंचसं लागू होत नाही. तिथे एट ऑफ स्वोर्ड्सवर नुसत्या वाकड्या तलवारींची नक्षी असते आणि लव्हर्सवर दोन बायकांच्या मधे उभा पुरुष असतो, वर बाण ताणलेला क्युपिड.

आता दोन्ही कार्डं चिकटवून ठेव आणि त्यातल्या बाईकडे बघ. लव्हर्समधली बाई उघडी आहे, डोळे उघडे आहेत आणि ती वर देवदूताकडे बघते आहे. पुरुष तिच्याकडे बघतो आहे. एट ऑफ स्वोर्ड्समधली बाई कपड्यांत आहे, वरून पट्ट्यांनी गुंडाळलेली आहे, डोळ्यांवर पट्टी आहे, आजूबाजूला माणूस नाही. मी या दोघींना एकच बाई समजून वाचते. एका चित्रात तिला वरचं दिसतं, पुढच्या चित्रात पायाखालचंसुद्धा दिसत नाही. मग विचारायचं: मधल्या काळात काय झालं? त्याचं उत्तर म्हणजे तुझं वाक्य.

अजून एक धागा. गोल्डन डॉन या जुन्या इंग्रजी गूढविद्या-मंडळाच्या पद्धतीत लव्हर्सला मिथुन रास दिली आहे आणि एट ऑफ स्वोर्ड्सला मिथुनेतला गुरू. दोन्हीकडे मिथुन, म्हणजे वायू, म्हणजे विचार. म्हणून ही जोडी मी 'प्रेम आणि अडथळा' अशी न वाचता 'निवड समोर आहे, पण विचार करकरून डोकं बंद पडलंय' अशी वाचते. लव्हर्स हे मुळात निवडीचंही कार्ड आहे, हे विसरलं की प्रत्येक रीडिंग लग्नावर जाऊन थांबतं.

क्रम उलटा झाला की अर्थ फिरतो. लव्हर्स आधी असेल तर निवड समोर आल्यामुळे कोंडी झाली. एट आधी असेल तर कोंडलेल्या माणसासमोर निवड येते आहे. आपल्या बोलण्यात क्रियापद शेवटी येतं, तसं मी ओळीतल्या शेवटच्या कार्डावर घडणं टाकते. दोनांत एक लव्हर्ससारखं मेजर, एक एटसारखं मायनर असेल तर विषय मेजरचा, आणि तो रोजच्या जगण्यात कसा दिसतो ते मायनर सांगतं.

आता एक रीडिंग सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. कानबाईच्या रोटांसाठी माहेरी आलेली अमळनेरकडची एक मुलगी. पुण्याला नोकरी, वडिलांची कापसाची शेती आणि दुकान. प्रश्न: "घरी त्याच्याबद्दल सांगितलं तर काय होईल?" कार्डं आली लव्हर्स, एट ऑफ स्वोर्ड्स, किंग ऑफ पेंटॅकल्स.

पहिली जोडी वर सांगितली तशीच. दुसरी जोडी एट आणि किंग. एटमध्ये बाईच्या मागे लांब कड्यावर एक किल्ला दिसतो, किंगच्या मागेही किल्ला आहे. दोन शेजारच्या कार्डांत एकच वस्तू आली की मी तिथेच थांबते, वाक्याचा सांधा बहुतेक तिथेच असतो. इथे किल्ला म्हणजे वडिलांचं घर. तिच्यासाठी ते लांब आणि उंच आहे, वडिलांच्या ते पाठीशीच आहे. मग राजाची नजर बघितली. तो मांडीवरच्या नाण्याकडे बघतोय, तिच्याकडे किंवा तलवारींकडे नाही. शेवटी दोन टोकं, लव्हर्स आणि किंग: तिची निवड एका बाजूला, घरचा हिशेबी माणूस दुसऱ्या बाजूला, आणि मधे फक्त ती डोळे बांधलेली बाई.

वाक्य झालं असं: "तुझी निवड झालेली आहे, पण वडील काय म्हणतील हे त्यांना न विचारताच तू ठरवलं आहेस, आणि त्यांना अजून यातलं काही माहीतच नाही." शेवटचा 'आणि' इथे चालतो, कारण सांधा आधीच 'पण'ने बसला आहे. मी तिला विचारलं, वडिलांशी कधी बोलणं झालं का? नाही. आईने "त्यांना नाही चालायचं" म्हटलं होतं, तेवढंच. पुढचं बोलणं किंगवरून निघालं: हा माणूस भावनेवर बोलणार नाही, मुलाची नोकरी, घर, शेत विचारेल, तर ती उत्तरं हाताशी ठेवून जा. वडील हो म्हणतील असं मी सांगितलं नाही. त्या ओळीत होकाराचं कार्ड नव्हतंच.

याच जागी तिसरं कार्ड सिक्स ऑफ स्वोर्ड्स असतं तर? तलवारी आठाच्या सहा झाल्या, बाई पांघरूण घेऊन होडीत बसली, कुणीतरी होडी नेतंय. मग वाक्य घर सोडण्याकडे गेलं असतं, फक्त तलवारी होडीतच आहेत हे सांगावं लागलं असतं. पहिली दोन कार्डं तीच आणि वाक्य निराळं. म्हणून जोडीचे ठरलेले अर्थ पाठ करू नकोस. तसले तक्ते मी पाहिलेत, ते तिसरं कार्ड आलं की कोलमडतात.

वाक्य चुकलंय हे कळायची माझी एक खूण आहे. एक कार्ड बोटाने झाक आणि वाक्य पुन्हा म्हण. तसंच्या तसं खरं वाटलं, तर ते कार्ड वाक्यात आलंच नाही. तुझं "प्रेम आहे आणि तू अडकली आहेस" असंच होतं, लव्हर्स झाकलं तरी "तू अडकली आहेस" शाबूत राहतं.

आणि एट ऑफ स्वोर्ड्सबद्दल एक गोष्ट सांभाळ. चित्रात पाय मोकळे आहेत, समोर तलवार नाही, म्हणून हल्ली जो तो "तूच स्वतःला बांधून घेतलंयस" असं बोलून मोकळा होतो. अमळनेरच्या मुलीला मी ते बोलू शकले, कारण तिच्यावर खरंच कुणाची बंदी नव्हती. पण मुलीचा फोन काढून घेतलाय, बाहेर जाऊ देत नाहीत, मारहाण होते, अशी बाई समोर असेल तर ते वाक्य तोंडातून काढायचं नाही. तिथे 'पण'च्या जागी 'कारण' येतं: निवड करता येत नाही, कारण कुणीतरी बांधलं आहे. चित्र तेच राहतं. अशा वेळी मी कार्डं गोळा करून ठेवते आणि आधी महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर देते. म्हणून लव्हर्सजवळ हे कार्ड आलं की वाक्य बांधायच्या आधी एवढं विचार: "तुला कुणी अडवलंय, की अडवतील असं वाटतंय?" तुझ्या मैत्रिणीलाही हे विचारलं नसशील तर विचार, मग तिसरं कार्ड काय होतं ते इथे लिही.