नारळ हलवून पाहता, पण हातात तोलून पाहता का?

प्रश्न : "साहेब, व्यापारी सोललेला नारळ कानाशी धरून हलवतो आणि आवाज आला नाही की कोवळा म्हणून बाजूला टाकतो. टाकलेल्यातले काही मी फोडले, तर कुठे खोबरे जाड निघाले, कुठे आत कुजलेले. शहाळी काढली की त्यातली निम्मी निबर निघतात. ओळखायचे कसे, आणि कुठला नारळ कशासाठी काढायचा?"

उत्तर : व्यापारी अर्धीच परीक्षा करतो आहे, आणि तिचा तोटा तुमच्या माथी बसतो आहे. हलवल्यावर येणारा आवाज एवढेच सांगतो की आत पाणी आहे आणि पाण्यावर मोकळी जागा झाली आहे. सहा-सात महिन्यांच्या शहाळ्यात पाणी काठोकाठ असते, म्हणून ते मुके. पुढे खोबरे जाड होत जाते, पाणी घटते, आणि अकरा-बारा महिन्यांच्या जून नारळात ते डुचमळू लागते. पण ज्यातले पाणी गळून गेले तो नारळही मुकाच असतो. म्हणून मुका नारळ दिसला की निकाल देऊ नका, आधी तो हातात तोला.

तुमच्याच ढिगातले, एकाच जातीचे आणि एकाच आकाराचे तीन सोललेले नारळ घ्या. समजा पहिला 550 ग्रॅमचा आहे आणि डुचमळतो. दुसरा मुका आहे, पण 650 ग्रॅम भरतो. तिसराही मुका, पण 400 ग्रॅमचाच. पहिला जून आहे, त्याबद्दल शंका नको. दुसरा पाण्याने भरलेला आहे, म्हणजे साधारण दहा महिन्यांचा. त्याचे खोबरे खाण्याजोगे असते, पण सुकवायला घेतले तर रबरासारखे चिवट होते आणि तेल कमी सुटते. तिसऱ्यात पहिल्यापेक्षा 150 ग्रॅमची तूट आहे. ते पाणी कुठे गेले? बहुतेक वेळा करवंटीला केसाएवढी चीर पडलेली असते. असा नारळ कोयत्याच्या पाठीने ठोकून बघा. चांगला नारळ टणटण वाजतो, चिरलेला भद्द वाजतो. तुम्हाला आतून कुजलेले सापडले ते हेच. वजन जातीप्रमाणे बदलते, म्हणून माझे आकडे पाठ करू नका. आपल्या बागेतला एक खात्रीचा डुचमळणारा नारळ तोलून ठेवा आणि बाकीचे त्याच्याशी पडताळा.

चीर पडते ती उंचावरून घड कठीण जमिनीवर टाकल्याने. जून नारळ सोडणासह पडला तरी चिरतो, शहाळे तर हमखास फुटते. शहाळ्याचा घड दोराला बांधूनच खाली सोडा.

तिसरी खूण डोळ्यांची. तीनपैकी एक डोळा मऊ असतो, कोंब तिथूनच फुटतो आणि बिघाडही तिथूनच आत शिरतो. शेंडीचे धागे बोटाने बाजूला करून बघा. डोळे कोरडे, तपकिरी आणि घट्ट हवेत. ओलसर, काळे पडलेले, पांढरी बुरशी धरलेले किंवा आंबूस वासाचे असतील तर तो नारळ बाजूला काढा, आवाज कितीही छान येऊ दे. मऊ डोळा फुगून वर आला असेल तर आत कोंबाचा स्पंजासारखा गोळा तयार होतो आहे, आणि तो पाणी व खोबरे दोन्ही खात जातो. "माल स्वच्छ दिसतो, शेंडी काढून द्या," असे व्यापारी सांगतो. काढू नका. शेंडी डोळ्यांवरचे झाकण आहे. ती गेली की डोळे उघडे पडतात, वाहतुकीत दुखावतात आणि नारळ लवकर खराब होतो. पुन्हा सांगतो, शेंडी काढू नका.

आता काढणीचे. शहाळे सातव्या महिन्यात काढा. पाणी भरपूर, गोडी सर्वात जास्त आणि आत खोबऱ्याचा पातळ थर, हे तिन्ही तेव्हाच जुळते. आठ-नऊ महिन्यांचा अडसर चमच्याने खायला चांगला, पण शहाळे म्हणून विकलात तर गिऱ्हाईक परत येणार नाही. ओले खोबरे खवायला अकरा महिन्यांचा नारळ चालतो. सुके खोबरे, तेल, दाट दूध आणि बियाणे यांसाठी पूर्ण बारा महिने थांबा. गोटा करायचा असेल तर बारा महिन्यांचाच नारळ सोडणासह सावलीत, जमिनीपासून उंच मांडणीवर आठ ते बारा महिने ठेवा. आतले पाणी आटते, खोबरे करवंटीपासून सुटते आणि हलवल्यावर घट्ट गोळा खुळखुळतो. हा आवाज पाण्याच्या डुचमळण्यापेक्षा अगदी वेगळा असतो, एकदा ऐकलात की चुकणार नाही. बियाण्याचा नारळ मात्र कधीही सोलू नका. त्यात पाणी वाजलेच पाहिजे. हलका आणि मुका नारळ वाफ्यात घालू नका.

व्यापाऱ्याची गाडी आली म्हणून एकाच चढणीत तीन-तीन घड उतरवता, तिथेच सगळे बिघडते. त्यात एक जून, एक दहा महिन्यांचा आणि एक त्याहून कोवळा असतो. मग तोच व्यापारी मुके नारळ बाजूला टाकून भाव पाडतो. गाडीची तारीख ही काढणीची तारीख नव्हे. रंगावरही विसंबू नका. नारिंगी आणि पिवळ्या ठेंगण्या जातींत हिरवा रंग मुळातच नसतो. त्यापेक्षा देठाच्या टोपीखाली बघा. फळ वाढत असते तोवर तिथे फिकट कडे दिसते, जून झाले की ते नाहीसे होते.

माझा आग्रह एकाच पद्धतीचा आहे, तो म्हणजे दोऱ्याचा. दर चढणीला नुकत्याच उमललेल्या पोयीच्या दांड्याला रंगीत नायलॉनचा दोरा बांधायला सांगा, दर महिन्याला वेगळा रंग, आणि रंगापुढे तारीख वहीत लिहा. सातव्या महिन्यात त्या रंगाचे शहाळे, बाराव्यात त्याच रंगाचे नारळ. सुदृढ माडावर महिन्याला साधारण एक पोय येते, म्हणून बरेच जण वरून घड मोजून वय काढतात. पाण्याचा ताण पडला की मधली पोय चुकते आणि ते गणितही चुकते. दोरा चुकत नाही. तरीही घड उतरवण्याआधी त्यातले एक फळ काढून फोडा. एका फळाने अख्खा घड वाचतो.

दुकानदार पाण्याची गोडी वाढवायला मुळातून द्यायचे टॉनिक गळ्यात मारतात. घेऊ नका. गोडी जातीवर आणि काढणीच्या वयावर ठरते, नवव्या महिन्यात काढलेले शहाळे कोणत्याही बाटलीने सातव्यावर येत नाही. दुसरा धोका बुडवणीचा. सोडण तासलेली शहाळी काळी पडू नयेत म्हणून लिटरला 5 ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि 5 ग्रॅम सायट्रिक आम्ल घेऊन तीन मिनिटे बुडवतात आणि 5 ते 7 अंशांवर ठेवतात. त्याने जवळपास तीन आठवडे टिकतात. "दुप्पट घाला, दुप्पट टिकेल," हा दुकानदाराचा सल्ला साफ चुकीचा आहे. दुप्पट मात्रेने गंधकाचा उग्र वास राहतो, आणि दम्याच्या माणसाला सल्फाइटचा त्रास होऊ शकतो. मात्रा वाढवू नका, वेळही वाढवू नका. थंड ठेवायची सोय नसेल तर बुडवणीच्या भानगडीत न पडता शहाळे सोडणासहच विका.

माडावर चढायचे प्रशिक्षण आणि चढणाऱ्यांचा विमा नारळ विकास मंडळातर्फे आहे, कागदपत्रांची चौकशी कृषी कार्यालयात करा. पण त्यासाठी दोरा बांधणे अडवून ठेवू नका, पुढच्या चढणीलाच पहिला रंग बांधा.