तुझी रील बघितली, आता ऐक

एडिटिंगचं काम मिळवायला तू बनवलेली रील काल रात्री दोनदा बघितली. एकदा हेडफोन लावून आणि एकदा फोनच्या स्पीकरवर, कारण काम देणारा माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लिंक रिक्षात बसूनच उघडतो.

३ मिनिटं ४० सेकंद. त्यातले पहिले १२ सेकंद नुसतं तुझं नाव फिरत येतंय, मग ड्रोन, स्लो मोशन, बीटवर कट, परत ड्रोन. दिसतं भारी, पण त्यात कॅमेरावाल्याचं काम दिसतं रे, तुझं कुठंय? गाण्याच्या बीटवर कट मारणं आता कुणालाही येतं, आणि एडिटर शोधणाऱ्याला बघायचं असतं ते हे की दोन माणसं बोलत असताना तू कुठे कापतोस.

आणि ते तुझ्याकडे आहे! २ मिनिटं ५० वर शॉर्टफिल्ममधला तो किचनचा सीन, जेमतेम ६ सेकंद ठेवलायस आणि वर गाणं टाकून डायलॉग मारून टाकलायस. मूळ सीन तू मागे पाठवला होतास म्हणून मला आठवतोय. आई "जेवलास का?" विचारते तेव्हा आपण आईकडे बघतच नाही, पोराच्या चेहऱ्यावर थांबतो, तो उत्तर देत नाही, आणि मगच आईवर कट येतो. त्या थांबण्यात तुझं काम आहे. आईचं वाक्य सुरू होताच तिच्यावर कापलं असतं तर नुसती माहिती मिळाली असती.

म्हणून तो सीन सलग ४० सेकंद, मूळ आवाजासकट, अगदी सुरुवातीला लाव. खाली कोपऱ्यात लिही "एडिट आणि साउंड", ग्रेडिंग दुसऱ्याचं असेल तर ते आपलं म्हणून मिरवू नकोस, या लाइनीत सगळे एकमेकांना ओळखतात. त्यामागे लग्नाच्या फिल्मचे २० सेकंद, मिठाईवाल्याच्या जाहिरातीचे १५, शेवटी नाव आणि नंबर. दीड मिनिटाच्या आत संपव. लग्नाच्या स्टुडिओला पाठवताना मात्र लग्नाचा भाग वर घे, वडील बोलताना रडतात तो, वरात नको. म्हणजे दोन फाइली होतील, होऊ दे.

डायलॉग फोनवर कळतोय का ते बघ, मागचं म्युझिक मला जड वाटलं. फिल्मी गाणं तर काढच, कॉपीराइटमुळे आवाज म्यूट झाला तर रील मुकी होईल.

ड्राइव्हची लिंक पाठवू नकोस. मलाच आधी परवानगी मागावी लागली, मग व्हिडिओ प्रोसेस होत होता म्हणून धुरकट दिसला, क्लायंट एवढं थांबत नाही. यूट्यूबवर अनलिस्टेड टाक, आणि पाठवायच्या आधी लॉगिन नसलेल्या फोनवर उघडून बघ.

रविवारपर्यंत पाठव, मी फोनवरच बघणारे.