बाबांचं भाषण आणि बाजूला काढलेला कागद

‘बाबांच्या तेराव्याला मला बोलायचंय. लिहिलंय, पण फारच भयाण झालंय. आईला ते ऐकवणार नाही. पण हसऱ्या आठवणी सांगितल्या तर लोक म्हणतील, हिला दुःखच नाही. काय करू?’

ही ताई माझ्याकडे आली तेव्हा तेराव्याला पाच दिवस होते. (तिच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) हातात तीन पानं. मी म्हटलं, आधी मोठ्यानं वाचून दाखव. अकरा मिनिटं लागली. मग पेन्सिल घेऊन दोघींनी मोजलं, तर अडीच पानं शेवटच्या सव्वा वर्षाची होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, हाताला आलेली सूज, शेवटचा आठवडा. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला उरलं होतं अर्धं पान. दीर्घ आजारपण जवळून पाहिलेल्यांचं बहुतेकदा असंच होतं. शेवटचं चित्र सगळ्यात ताजं असतं आणि आधीचं सगळं त्यामागे झाकलं जातं.

त्या अर्ध्या पानातही बाबा कमीच होते. ‘क्रूर काळाने घाला घातला’, ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’. ही वाक्यं आपण सगळ्यांनी निधनवार्तांमध्ये वाचलेली असतात आणि दुःखात तीच हाताशी येतात. मी तिला एक साधी चाचणी सांगितली. हे वाक्य शेजारच्या काकांबद्दलही चालेल का? चालत असेल तर खोड. ती खोडत गेली आणि एका ओळीपाशी थांबली: ‘त्या रात्री मी घरी झोपायला गेले नसते तर...’

भाषण भयाण का झालं होतं ते मला तिथे कळलं. त्या तीन पानांत श्रद्धांजली कमी आणि कबुली जास्त होती. ही ओळ नुसती खोडायला सांगितली असती तर ती दुसऱ्या रूपात परत आली असती. म्हणून कोरा कागद दिला आणि म्हटलं, ‘ही ओळ आणि तिच्यामागचं सगळं इथे लिही. हे सभागृहासाठी नाही, आपल्या दोघींसाठी आहे.’ तिनं वीस मिनिटं लिहिलं, रडली आणि कागद घडी करून माझ्याकडे दिला.

मग मी भाषणाबद्दल बोलायला लागले. ‘चांगल्या आठवणी सांग’ असं मी कधी म्हणत नाही, त्याला ‘ते फार प्रेमळ होते’ एवढंच उत्तर मिळतं. मी विचारलं, बाबा घरातून निघताना काय करायचे? ती चटकन म्हणाली, ‘डबल बेल!’ बाबा एसटीत कंडक्टर. कुणी निघताना रेंगाळलं की ते दाराच्या कडीवर दोनदा टकटक करायचे. म्हणजे गाडी सोडा. सुट्टे नसले की तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायचे, आणि उतरताना प्रवासी विसरला तर खिडकीतून हाक मारून पैसे द्यायचे. त्याच सुट्ट्या पैशांवरून वाण्याशी भांडायचे, तेव्हा आई लाजेनं चार पावलं पुढे जाऊन उभी राहायची.

ते भांडण भाषणातून काढून टाकू का, असं तिनं विचारलं. मी ठेवायला लावलं. माणसाचा हट्ट, चिडकेपणा पार पुसला की ऐकणाऱ्यांना आपला माणूस त्यात सापडत नाही. आजारपणही पुसलं नाही. मात्र अडीच पानांची दोन वाक्यं झाली: ‘शेवटचं सव्वा वर्ष बाबांना फार त्रास झाला. आईनं तो त्यांच्यासोबत काढला.’

नवं भाषण चार मिनिटांचं होतं आणि सुरुवात डबल बेलनं. मोठ्या अक्षरात छापलं, एका कागदावर तीनच परिच्छेद. आईच्या वाक्यापाशी आवाज जाणार हे सरावात दिसलं, म्हणून तिथे पेन्सिलीनं रेघ मारली: थांब, पाणी पी. दुसरी प्रत भावाकडे दिली, म्हणजे अडलंच तर तो पुढे वाचेल.

हे सगळीकडे लागू पडत नाही. मृत्यू अचानक, कोवळ्या वयात झाला असेल किंवा गेलेल्या माणसाशी नातंच कडू असेल, तर मी हसऱ्या आठवणींकडे ढकलत नाही. तिथे दोन खरी, साधी वाक्यं पुरतात. कधी कधी न बोलणंच बरं असतं.

तेराव्यानंतर तिचा फोन आला. रेघेपाशी ती थांबली होती. भांडणाच्या गोष्टीला आई पदर तोंडाशी धरून हसली आणि मग खूप रडली. बाबांच्या गाडीवरचे जुने ड्रायव्हर उठून म्हणाले, ‘माझेही आठ आणे त्यांनी तिसऱ्या दिवशी आणून दिले होते.’ तिला दुःख नाही, असं कुणीही म्हटलं नाही.

घडी केलेला कागद माझ्या फाइलमध्येच होता. दोन आठवड्यांनी ती आली तेव्हा तिनंच तो मागितला. त्या दिवशी आम्ही फक्त त्या रात्रीबद्दल बोललो.