औषधाच्या स्ट्रिपवरचा क्यूआर स्कॅन केला तर नाव, बॅच, एक्सपायरी सगळं बरोबर दिसतं. म्हणजे औषध ओरिजिनलच ना?

नाही. पॅकिंग लाइनवर काम केलेल्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. ‘स्कॅन करा आणि खात्री करा’ असं छापून छापून आमच्याच क्षेत्रातल्या मंडळींनी हा गैरसमज पसरवलाय, म्हणून जरा लांबण लावतो.

1 ऑगस्ट 2023 पासून औषध नियमांतल्या शेड्यूल एच2 या यादीतल्या 300 ब्रँडांवर बारकोड किंवा क्यूआर छापणं सक्तीचं झालं. डोलो, ॲलेग्रा, थायरोनॉर्म ही त्यातलीच रोजची नावं. कोडात काय असावं हेही नियमात लिहिलंय: उत्पादनाचा ओळख क्रमांक, जेनेरिक नाव, ब्रँड, कंपनीचं नाव-पत्ता, बॅच, उत्पादनाची तारीख, एक्सपायरी आणि उत्पादन परवान्याचा नंबर. ही यादी नीट बघा. यातली एकही गोष्ट तुमच्या हातातल्या एकट्या स्ट्रिपची नाही, सगळी त्या बॅचची आहे. आणि ओळख क्रमांक सोडला तर बाकीचं बहुतेक त्याच फॉइलवर साध्या अक्षरांत छापलेलंही असतं.

समजा 10 लाख गोळ्यांची एक बॅच निघाली आणि स्ट्रिप 10 गोळ्यांची आहे. म्हणजे 1 लाख स्ट्रिप, आणि नियम पाळायला त्या सगळ्यांवर एकच कोड पुरतो. बनावट माल करणारा दुकानातून एक खरी स्ट्रिप आणतो, मोबाइलने कोड वाचतो, आलेला मजकूर कुठल्याही फुकटच्या क्यूआर बनवणाऱ्या साइटवर टाकतो आणि तोच कोड 50 हजार नकली स्ट्रिपवर छापतो. मजकूर वाचायचीही गरज नाही, नुसता फोटो काढून छापला तरी चालतं. क्यूआर जपानमध्ये 1994 साली निघाला तो वाहनांच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला. तेलकट, खरचटलेला असला तरी वाचता यावा म्हणून त्यात दुरुस्तीची जास्तीची माहिती भरलेली असते. सर्वांत वरच्या पातळीवर जवळजवळ 30 टक्के भाग खराब झाला तरी तो वाचला जातो. नोटेवरची बारीक नक्षी कॉपी केली की बिघडावी अशी आखलेली असते. इथे कॉपीची कॉपीही वाचली जावी अशी सोय आहे. त्याच्याकडून नकली माल पकडण्याची अपेक्षा ठेवणं म्हणजे मुळातच उलटा कारभार.

उभ्या रेघांच्या बारकोडचं तर विचारूच नका. 890 ने सुरुवात म्हणजे भारतीय माल, असा मेसेज दर दिवाळीला फिरतो. 890 चा अर्थ एवढाच, की तो नंबर जीएस1 इंडिया या बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडून घेतलाय. माल कुठे बनला याच्याशी त्याचा संबंध नाही. शेवटचा आकडा फक्त टायपिंगची चूक पकडतो. उदाहरणार्थ 890123456789 घ्या. पहिल्यापासून एकाआड एक आकड्यांची बेरीज 28, उरलेल्यांची 34. त्या 34 ची तिप्पट 102, एकूण 130. पुढच्या दहाच्या पटीला काही कमी पडत नाही, म्हणून शेवटचा आकडा 0. हे गणित कागदावर कुणालाही जमतं, बनावटवाल्यालाही.

क्यूआर मजकुराऐवजी लिंक उघडत असेल तर धोका उलट वाढतो. नकली पाकिटावरची लिंक नकली साइटवर नेते, आणि तिथे मोठ्ठी हिरवी खूण दिसते. ती खूण त्यांनीच काढलेली असते.

खरा उपयोग होतो तो प्रत्येक पाकिटाला वेगळा नंबर दिला तर. त्या कोडातला मजकूर साधारण असा दिसतो:

```
(01)08901234567890(17)270831(10)AB1234(21)7K3M9Q2X
```

01 नंतर उत्पादन, 17 नंतर एक्सपायरी, 10 नंतर बॅच. 21 नंतरचा नंबर फक्त त्या एका पाकिटाचा. पण नुसता वेगळा नंबर असूनही भागत नाही. तो वापरून झाल्यावर बाद व्हावा लागतो. युरोपीय संघात 9 फेब्रुवारी 2019 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांना हीच पद्धत आहे. औषध देताना दुकानदार पाकीट स्कॅन करतो आणि नंबर यंत्रणेत बाद होतो. तोच नंबर दुसऱ्या दुकानात आला की इशारा मिळतो. शिवाय खोकं उघडलं की कळेल असं सीलही सक्तीचं आहे. आपल्याकडे 300 ब्रँडांच्या नियमात ना पाकीटनिहाय नंबर, ना काउंटरवर बाद करणं.

आता सील का लागतं ते बघा. मार्च 2024 मध्ये दिल्ली पोलिसांच्या क्राइम ब्रँचने एक टोळी पकडली. ते कॅन्सरच्या महागड्या इंजेक्शनांच्या रिकाम्या कुप्या गोळा करायचे, त्यात बुरशीवरचं औषध भरायचे आणि पुन्हा विकायचे. तिथे कुपी खरी आणि लेबलही खरं. अशा लेबलावर कोड असता तर तोही खराच निघाला असता. कोड पाकिटावर असतो, आत काय आहे ते त्याला कळत नाही.

तर करायचं काय? कोड वाचा, पण तो विरुद्ध पुरावा म्हणून. कोडातली बॅच किंवा एक्सपायरी फॉइलवरच्या छपाईशी जुळत नसेल तर ती स्ट्रिप घेऊ नका. जुळली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, मग पुढचं बघा. पक्कं बिल घ्या आणि त्यावरचा बॅच नंबर स्ट्रिपशी ताडून बघा. शंका असेल तर कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा, पाकिटावरून जाऊ नका. तिथल्या नंबरावर फोन करून ही बॅच तुमचीच का, तारखा याच का, असं विचारा. सीडीएससीओ ही केंद्राची औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जाहीन आणि बनावट औषधांची यादी काढते. तीत ‘ही बॅच आम्ही बनवलेलीच नाही’ असं लेबलवरच्या कंपनीने कळवल्याच्या नोंदी सापडतात, म्हणजे हा प्रश्न कंपनीला विचारण्यात अर्थ आहे. उत्तर संशयास्पद आलं तर उरलेल्या गोळ्या, स्ट्रिप आणि बिल घेऊन एफडीएकडे तक्रार करा. स्ट्रिप फेकू नका, तपासणीला तीच लागते.

हो, आणि स्कॅन झालं नाही म्हणून लगेच दुकानदाराशी भांडू नका. चकचकीत, सुरकुतलेल्या फॉइलवर कोड नीट वाचला जात नाही, कापून दिलेल्या स्ट्रिपवर तो अर्धाच येतो, आणि फॉइलवर जागा नसेल तर तो बाहेरच्या खोक्यावर छापायला नियमाने मुभा आहे. 300 च्या यादीबाहेरच्या ब्रँडवर कोड नसणं यात बेकायदेशीर काही नाही. सुट्या गोळ्या मात्र टाळाच. बॅच नंबरचा तुकडा दुकानात राहिला तर वरचं काहीच करता येत नाही.

राहता राहिले ते ‘स्क्रॅच करा, कोड टाका’वाले. छोट्या कंपन्यांना हे लेबल विकणाऱ्यांशी माझं कायम वाजतं. एक खरा कोड 50 नकली डब्यांवर छापला, तर त्यातल्या सगळ्यात आधी तपासणाऱ्याला ‘अस्सल’ असं उत्तर येतं, भले त्याचा डबा नकली असो. आणि नंतर खरा डबा घेणाऱ्याला ‘हा कोड वापरून झालाय’. त्यांना मी एकच विचारतो: पहिली तपासणी कधी आणि कुठून झाली हे ग्राहकाला स्क्रीनवर दाखवता का? दाखवत असतील तर त्या लेबलाचा थोडाफार उपयोग आहे. नुसतं ‘धन्यवाद, आपले उत्पादन अस्सल आहे’ येत असेल तर ते पैसे झाकणाच्या सीलवर घाला, असं मी कंपनीवाल्यांना सांगतो.