फाइव्ह-इयर सर्व्हायव्हल म्हणजे नक्की काय?

प्रश्न: काकांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघालाय, स्टेज ३. नेटवर 'फाइव्ह-इयर सर्व्हायव्हल ६० टक्के' असं वाचलं. आत्या म्हणते पाच वर्षं मिळतील, भाऊ म्हणतो बरे व्हायचा चान्स ६० टक्के. यातला खरा अर्थ कुठला, आणि मराठीत याला काय म्हणायचं?

उत्तर: दोन्ही नाही. आत्यांनी पाच वर्षांना मुदत समजलं, भावाने जिवंत असण्याला बरं होणं समजलं, आणि घोळ 'सर्व्हायव्हल'चं मराठीत 'आयुष्य' केल्यामुळेच होतो. मी तरी 'निदानानंतर पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण' असंच लिहितो. लांबलचक आहे, मान्य, पण त्यात 'असलेल्यांचं' हे अनेकवचन आहे आणि खरी मेख तिथेच आहे.

'हयात' शब्द मुद्दाम घेतला. पेन्शनवाले नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला देतात ना, तसंच हे. त्या तारखेला माणूस आहे एवढंच त्यातून कळतं, तो ठणठणीत आहे की अंथरुणावर, पुढे पंचवीस वर्षं जगणार की दोन महिने, यातलं काहीच त्या कागदावर नसतं. पाच वर्षांच्या तारखेला आजार पुन्हा उलटलेला आहे आणि केमो चालूय असा पेशंटही 'हयात'मध्येच मोजला जातो, आणि ज्याला नंतर कधीच काही झालं नाही तोही.

आता आकडा बनतो कसा ते बघा. समजा (आकडे मी हिशोबासाठी घेतलेत, कुठल्या हॉस्पिटलचे नाहीत) एकाच वर्षी निदान झालेले १०० जण घेतले. पहिल्या वर्षात १२ गेले, दुसऱ्यात १२, तिसऱ्यात ८, चौथ्यात ५, पाचव्यात ३. उरले ६०, म्हणून ६० टक्के. त्या ६० जणांमधले बरेचसे पुढे दहा-वीस वर्षंही जगतील, पण या आकड्याने पाचव्या वर्षीच मोजणी थांबवली, म्हणून आत्यांना वाटलं की आयुष्यच तिथे थांबतं.

याच यादीत अजून एक गोष्ट आहे जी सहसा कोणी सांगत नाही. समजा काकांची दोन वर्षं नीट पार पडली. आता ते त्या १०० मधले नाहीत, दोन वर्षांनी उरलेल्या ७६ जणांमधले आहेत, आणि त्या ७६ पैकी ६० जण पाच वर्षांचा टप्पा गाठतात, म्हणजे ७९ टक्के. तीन वर्षांनंतर ६८ पैकी ६०, म्हणजे ८८. मधे त्यांना काही वेगळं औषध दिलेलं नाही, फक्त सुरुवातीची जास्त धोक्याची वर्षं मागे पडली. निदानाच्या दिवशी वाचलेला ६० हा आकडा त्यामुळे त्या दिवसापुरताच, दोन वर्षांनी तोच उगाळत बसण्यात अर्थ नाही. मात्र सगळ्या कॅन्सरमध्ये धोका असाच घटत जातो असंही नाही हं. स्तनाच्या कॅन्सरचा जो प्रकार हॉर्मोनवर वाढतो तो पाच वर्षांनंतर, कधी पंधरा-वीस वर्षांनीही उलटू शकतो. 'पाच वर्षं झाली, सुटलो' हे म्हणूनच सरसकट खरं नाही.

दुसरं म्हणजे हे १०० जण कधीचे? आज पाच वर्षांचा पूर्ण हिशोब हवा तर निदान निदान पाच वर्षांपूर्वीचं पाहिजे (शब्दखेळ नाही, खरंच तसं वाक्य झालं), शिवाय नोंदी गोळा होऊन छापेपर्यंत अजून दोनेक वर्षं जातात, म्हणजे आकडा कायम मागच्या उपचारांचा असतो. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे सीएमएल, हा रक्ताचा एक कॅन्सर. त्यावरचं इमॅटिनिब हे गोळीचं औषध अमेरिकेत मे २००१ मध्ये मंजूर झालं. त्या वर्षी निदान झालेल्या माणसाने पुस्तक उघडलं असतं तर त्यात त्याआधीच्या पेशंटांचे आकडे होते, आणि त्यातले निम्मेअधिक पाच-सहा वर्षांत गेलेले. गोळी घेणाऱ्यांचा पाच वर्षांचा आकडा २००६ मध्ये आला, मूळ चाचणीत ज्यांना पहिल्यापासून ती मिळाली त्यांच्यातले ८९ टक्के हयात होते. म्हणजे २००१ च्या पेशंटला लागू पडणारा आकडा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. आतड्याच्या कॅन्सरमध्ये एवढी मोठी उडी नाही, तरी सर्जरीनंतरच्या केमोत ऑक्सॅलिप्लॅटिन आलं ते २००४ च्या सुमारास, त्याआधीचे पेशंट मिसळलेला तक्ता आज काकांना लावू नये.

आणि एका माणसाचं का सांगता येत नाही, तर 'स्टेज ३' हीच एक मोठी मोट आहे. काकांचं ऑपरेशन झालं असेल तर हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट काढून बघा, लिंफ नोडच्या ओळीत २/१८ असं काहीतरी लिहिलेलं असेल. म्हणजे १८ गाठी तपासल्या, दोनमध्ये कॅन्सर सापडला. एक ते तीन गाठींत कॅन्सर असेल तर वेगळा गट, चार किंवा जास्त गाठींत असेल तर वेगळा, आणि दोघांच्या आकड्यांत बराच फरक पडतो, पण नेटवर दोघंही 'स्टेज ३'. खालचा आकडा १२ पेक्षा कमी असेल तर तपासणीच अपुरी धरतात, कारण न बघितलेल्या गाठीत काय होतं कोणाला माहीत? त्यात परत वय, शुगर, किडनी, केमोचे सगळे डोस झेपले की मधेच थांबवावे लागले, हे सगळं आलंच. ६० टक्के ही त्या सगळ्यांची सरासरी आहे, आणि कुठलाही एक माणूस ६० टक्के हयात नसतो. हे सगळं बघून डॉक्टर काकांसारख्यांचा छोटा गट काढतात, आकडा जास्त जवळचा येतो, तरी त्या छोट्या गटातही कोणी वाचतं, कोणी नाही, आणि काका कुठल्या बाजूला हे निदानाच्या दिवशी कोणालाच दिसत नाही.

एक तांत्रिक गोष्ट, कारण हिच्यामुळे दोन वेबसाइट दोन आकडे देतात. वरच्या १०० मधले जे ४० गेले त्यात हार्ट अटॅकने गेलेलेही आहेत. समजा काकांच्या वयाच्या, कॅन्सर नसलेल्या १०० लोकांतलेही पाच वर्षांत ८५ च उरतात, तर ६० ला ८५ ने भागतात आणि ७१ टक्के लिहितात. याला रिलेटिव्ह सर्व्हायव्हल म्हणतात. दोन्ही आकडे बरोबर, फक्त कुठला वाचतोय ते बघायचं.

आपल्याकडच्या आकड्यांत भर पडते ती हरवलेल्या पेशंटांची. उपचार संपवून माणूस गावी जातो, फोन नंबर बदलतो, हॉस्पिटलच्या वहीत शेवटची भेट तेवढी उरते. अशांना शेवटच्या भेटीपर्यंत हयात धरून पुढे हिशोबातून वगळतात. पण जे आले नाहीत ते जास्त आजारी म्हणून आले नसतील तर टक्केवारी उगाच चांगली दिसते. बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ ला सुरू झाली, तिथे कर्मचारी पेशंटच्या गावात, घरी जाऊन चौकशी करतात, म्हणून अशा नोंदणीच्या आकड्यावर माझा जास्त विश्वास.

पुढच्या वेळी ऑन्कॉलॉजिस्टकडे जाल तेव्हा 'किती वर्षं?' ऐवजी असं विचारा, की किती गाठी पॉझिटिव्ह आहेत, या गटाचा आकडा कुठल्या वर्षांतल्या पेशंटांचा आहे, आणि आजार उलटायचा धोका कुठल्या महिन्यांत जास्त असतो. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून सीईए ही रक्ततपासणी आणि सीटी स्कॅन कधी कधी करायचे ते ठरतं.